नक्की?

जया शेळके मॅडमचा पाण्याचा पाठ बघितला नाही असा मास्तर नगर जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, असं निदान जया मॅडमचं तरी मत होतं. पुणे रस्त्यानं केडगावला यायच्या आधी डाव्या हाताला आत वळलं की एक अध्यापक विद्यालय लागतं. तिथं ती होऊ घातलेल्या शिक्षकांना बालमानसशास्त्र शिकवायची. दरवर्षी दिवाळीनंतर तिचा हा पाठ व्हायचा आणि बाकीचे प्राध्यापक आपापले तास सोडून मागच्या बाकांवर येऊन बसायचे.

पाठ तसा साधाच होता. टेबलावर काचेचे दोन सारखे पेले, दोन्हीत सारखं पाणी. शेजारच्या सराव शाळेतलं पाच-सहा वर्षांचं एक पोर समोर बसवायचं आणि विचारायचं, दोन्हीत पाणी सारखंच ना? पोर हो म्हणालं की एका पेल्यातलं पाणी त्याच्या देखत उंच, अरुंद पेल्यात ओतायचं आणि तोच प्रश्न परत विचारायचा. पोर उंच पेल्याकडे बोट करायचं. "ह्यात जास्त." वर्गात हशा व्हायचा. मग जया मॅडम खडू हातात घ्यायची आणि फळ्यावर जिना काढायची.

हा जिना जिनिव्हाच्या एका शास्त्रज्ञाचा. जन्मापासून दोन वर्षं पोर हातांनी, तोंडानं, डोळ्यांनी जग चाचपतं, ती पहिली पायरी. दोन ते सात दुसरी. तेव्हा पोराला भाषा येते, लुटुपुटीचा खेळ येतो, पण ते डोळ्यांना दिसेल त्यावर भाळतं. पाण्याची उंची दिसली की रुंदी विसरतं. सात ते अकरा तिसरी, हातातल्या वस्तूंबद्दल नीट तर्क चालवण्याची. आणि त्यापुढं चौथी, 'समजा असं असतं तर' म्हणून मनातल्या मनात विचार करण्याची. "जिना आहे जिना," जया मॅडम खडू आपटून म्हणायची. "पायरी गाळून कुणी वर जात नाही, आणि ढकलून कुणाला वर नेता येत नाही." मुलं हे वाक्य वहीत लिहून घ्यायची आणि परीक्षेत जसंच्या तसं उतरवायची.

जिल्ह्यातले मास्तर तिला 'पाणीवाल्या मॅडम' म्हणायचे. बँकेत, भाजी बाजारात, बसस्टँडवर कुणी ना कुणी भेटायचंच. "मॅडम, ओळखलं का? तुमचा पाण्याचा पाठ अजून आठवतो." जया मॅडम लाजल्यासारखं करायची आणि तो दिवस तिला छान जायचा.

तिची आणखी एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती, ती म्हणजे तिचं 'नक्की?' कुणी काहीही सांगितलं की भुवई वर करून ती विचारायची, "नक्की?" विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिलं तरी आणि चुकीचं दिलं तरी. नवरा सुनील भिंगारच्या छावणीत लष्कराच्या बांधकाम विभागात कारकून होता. तो घरी येऊन म्हणायचा की आज साहेबांनी लवकर सोडलं, की ही विचारायची, "नक्की?" सुनील बिचारा काही केलं नसताना चपापायचा. जयाला स्वतःला हे ऐकूच यायचं नाही. घोरण्यासारखं झालं होतं ते, जो घोरतो त्याला ते ऐकू येत नाही.

मग जूनमध्ये मेहरीन आली.

मेहरीन शेख मूळची श्रीरामपूरची, एकोणतिशीची. पुण्यात पीएच.डी. करून नुकतीच परतलेली आणि विषय तोच, लहान मुलांची समज. जयानं पहिल्या दिवशी तिला आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली आणि मनात म्हणाली, पोरगी बरी आहे, शिकेल आपल्या हाताखाली. पंधरा दिवसांनी तिच्या लक्षात आलं की मधल्या सुट्टीत तिच्या टेबलाशी कुणी थांबत नाही, सगळी गर्दी पलीकडच्या टेबलाशी असते. नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून तिनं स्वतःची समजूत काढली. पण नऊ दिवस गेले, नऊ आठवडे गेले, आणि गर्दी काही हलेना.

तशात बजरंग नावाच्या एका विद्यार्थ्यानं तिला भर वर्गात विचारलं, "मॅडम, मेहरीन मॅडम म्हणल्या, जिना असा सरळ नसतोय. एकच पोरगं एका कामात वरच्या पायरीवर असतं आन् त्याच दिवशी दुसऱ्या कामात खालच्या. खरंय का?"

"असं त्या जिन्यावाल्या शास्त्रज्ञानंही नोंदवून ठेवलंय," जया म्हणाली. ते खरंच होतं. पण बजरंग खाली बसताना शेजारच्याकडे बघून हसला आणि जयाच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तिनं भाकरी इतक्या जोरात थापल्या की सुनीलनं टीव्हीचा आवाज कमी केला.

हे सगळं तिनं एक वेळ गिळलं असतं. पण मेहरीननं हात घातला तो तिच्या घरात, आणि तोही नकळत.

जयाची मुलगी निकिता सहा वर्षांची. सराव शाळेतच पहिलीत होती. मेहरीन दर शनिवारी पहिलीच्या वर्गावर जाऊन मुलांना गोष्ट सांगायची. तिसऱ्या शनिवारी निकिता घरी आली ती ओढणी मेहरीन मॅडमसारखी खांद्यावर टाकूनच. मग जेवताना "मेहरीन मॅडम म्हणतात", अंघोळ करताना "मेहरीन मॅडम म्हणतात". एकदा जयानं तिला काहीतरी सांगितलं तर पोरगी हनुवटीखाली हात धरून, मान कलती करून म्हणाली, "अच्छा! मग काय झालं?" हुबेहूब मेहरीन. सुनील खो खो हसला. जयानं मात्र पळी पातेल्यात आपटली.

"माझ्याशी बोलताना हे नाटक नको," ती म्हणाली.

निकितानं हनुवटीखालचा हात काढून घेतला. "बरं," ती म्हणाली आणि ताटात बघत राहिली.

जयाला जळायचं नव्हतं. आपण जळतोय हे तिला चांगलं कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. पण लाज वाटल्यानं जळणं थांबतं असं कुणी सांगितलंय? रात्रंदिवस तिला एकच दिसायचं. जे आपण अठरा वर्षं जमवलं, ते त्या पोरीला नुसती मान कलती केली की मिळतं.

डिसेंबरात प्राचार्य बिभीषण लोंढे सरांनी दोघींना बोलावून घेतलं. जिल्ह्यातल्या अंगणवाडीताई आणि पहिलीचे शिक्षक यांच्यासाठी मोठं प्रशिक्षण निघालं होतं. ते घ्यायला मुख्य मार्गदर्शक म्हणून एक नाव विद्यालयातून द्यायचं होतं. पुढच्या बुधवारी केंद्रप्रमुख पाठ बघायला येणार होते.

"एवढी वर्षं जया मॅडमचंच नाव जातंय," सर चष्मा पुसत म्हणाले. "पण यंदा वाटतं, दोघींचे पाठ होऊ द्यावेत. विषय एकच, पाणी. आधी जया मॅडम, मग मेहरीन मॅडम. पाहुणेच ठरवतील."

"सर, ताईंच्या पाठानंतर मी काय वेगळं दाखवणार?" मेहरीन म्हणाली. ती हे मनापासून म्हणाली होती, आणि म्हणूनच जयाला ते जास्त झोंबलं.

त्या दिवसापासून जया कामाला लागली. तिचं एक गुपित होतं. पाठाला ती कुठलंही पोर उचलून बसवायची नाही. आदल्या दिवशी चार-पाच पोरांना पारखून बघायची आणि जे हमखास चुकेल तेच निवडायची. मागे एकदा कानिफनाथ नावाचं गवळ्याचं पोर होतं. बापाबरोबर रोज दूध मापायला जाणारं. त्यानं उंच पेल्याकडे ढुंकूनही न बघता सांगितलं होतं, "मापाचं भांडं बदललं म्हून दूध वाढतं व्हय?" तिनं त्याला चॉकलेट देऊन परत वर्गात धाडलं होतं. अपवाद असतात, असं म्हणून ती ते विसरूनही गेली होती.

यंदा तिनं ठरवलं, निकितालाच बसवायचं. त्यात एक आतली गोष्ट होती. सगळ्यांच्या पुढं ती पोर आपल्या समोर बसलेली दिसली पाहिजे, मेहरीनच्या नाही.

रविवारी सकाळी तिनं ओट्यावर पेले मांडले. निकिता स्टुलावर चढून बसली.

"दोन्हीत पाणी सारखंच आहे ना?"

"हो."

जयानं एका पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलं. "आता? दोन्हीत सारखं आहे, का एकात जास्त आहे?"

निकितानं पेल्याकडे बघितलं. "सारखं."

"नक्की?"

निकितानं आईच्या भुवईकडे बघितलं. मग बोट उंच पेल्यावर ठेवलं. "ह्यात जास्त."

"शाब्बास!" जया म्हणाली आणि तिच्या गालाचा पापा घेतला. आपलं लेकरू चुकलं म्हणून एवढी हरखलेली आई नगर जिल्ह्यात त्या दिवशी दुसरी नसावी. निकिताला मात्र एवढं कळलं की आता बरोबर आलं.

जयानं मेहरीनच्या बाजूचीही तयारी केली. पुढच्या संशोधकांनी जिन्याला कुठं कुठं ठोकून बघितलं ते तिनं वाचून काढलं. तसं तिनं ते पूर्वीही वाचलं होतं, पण परीक्षेला येत नाही म्हणून शिकवलं नव्हतं. आता तिनं ते शत्रूची हत्यारं बघावीत तसं वाचलं, आणि त्यातलं एक हत्यार तिनं आपल्यासाठी बाजूला काढून ठेवलं.

बुधवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत केंद्रप्रमुख, मागं विद्यार्थी. केंद्रप्रमुखांत वयानं मोठ्या होत्या मनकर्णा घुले बाई, पाथर्डीकडच्या. पहिलीला शिकवण्यात सारा जन्म गेलेला आणि आता निवृत्तीला आलेल्या. त्या सगळ्यात पुढं, पदर खोचून बसल्या होत्या.

जयाचा पाठ नेहमीसारखाच रंगला. निकिता निळ्या फ्रॉकमध्ये टेबलाशी बसली. पेले सारखे, पाणी सारखं. जयानं पाणी ओतलं. "आता, निकिता? सारखं आहे, का एकात जास्त?"

"सारखं," निकिता हळूच म्हणाली.

"नक्की?"

"ह्यात जास्त!" पोरीनं खणखणीत आवाजात सांगितलं. सभागृहात हशा आणि टाळ्या. जयानं फळ्यावर जिना काढला, दुसऱ्या पायरीवर खडूनं निकिताचं नाव लिहिलं आणि ते जुनं वाक्य म्हणून खाली उतरली. लोंढे सर मान डोलावत होते. जयाला वाटलं, जमलं.

मग मेहरीन उठली. तिनं सराव शाळेतला एक मुलगा सांगून ठेवला होता. पण तिनं नाव घ्यायच्या आत निकिताच धावत पुढं गेली. "मॅडम, मी! मी बसते!"

"अगं, तुझं झालं ना आत्ता?" मेहरीन म्हणाली आणि तिनं जयाकडे बघितलं. "ताई, चालेल?"

शंभर लोकांसमोर कुठली आई नाही म्हणेल? "बसू द्या की," जया म्हणाली आणि दात दिसतील एवढं हसली.

मेहरीननं पाहुण्यांना आधीच सांगून टाकलं. "हिनं हा प्रयोग आत्ताच एकदा केलाय, म्हणून हिच्या उत्तरावरून काही सिद्ध होत नाही. नुसतं बघू या." तिनं दोन सारखे पेले घेतले आणि पाणी ओतलं. निकितानं खाली वाकून, डोळा पाण्याच्या रेषेत आणून खात्री केली की दोन्हीत सारखं आहे. एक पेला निकिताचा, एक मेहरीनचा. दोघी आता पाणी पिण्याची शर्यत लावणार होत्या. तेवढ्यात मेहरीन थबकली. "अरे, ह्या पेल्याचा तर टवका उडालाय. ओठ कापेल तुझा. थांब, दुसऱ्यात घेऊ." टेबलावर रिकामा असा उंच पेलाच होता. तिनं निकिताचं पाणी त्यात ओतलं आणि पेला तिच्यापुढं सरकवला. "हं. दोघींना पाणी सारखं आहे, का एकीला जास्त झालं?"

प्रश्न तिनं तेवढाच विचारला आणि ती गप्प राहिली.

"सारखंच," निकिता म्हणाली. "माझं नुसतं उंच झालं. ते रुंद होतं ना, हे बारीक आहे. पाणी तेच." आणि तिनं पेला तोंडाला लावला.

सभागृहात कुजबुज झाली. फळ्यावर दुसऱ्या पायरीवर तिचं नाव अजून तसंच होतं.

मेहरीन म्हणाली, "मोठं माणूस मुलाच्या समोर मुद्दाम काहीतरी बदलतं आणि तोच प्रश्न परत विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं, काहीतरी बदललंय म्हणूनच परत विचारतायत. ते पाण्याबद्दल उत्तर देत नाही, आपल्याबद्दल देतं. बदलायला साधं कारण असलं, किंवा प्रश्न एकदाच विचारला, तर याच वयाची कितीतरी जास्त मुलं 'सारखं' म्हणतात."

जया याच क्षणाची वाट बघत बसली होती. ती उभी राहिली.

"पण मेहरीन मॅडम, ह्या टवक्याच्या प्रयोगावरही आक्षेप आहेत. पोराचं लक्ष टवक्यावर असतं, पाण्यावर नसतं. त्यालाही वाटतं की मॅडमनी सहज बदललं म्हणजे काही बदललं नसणार. पाणी खरोखर कमी केलं तरी ते 'सारखं' म्हणेल. मग तुम्ही समज मोजली, का भाबडेपणा?"

आपला आवाज थोडा चढला आहे हे तिला कळलं. पण वार बसला होता. बजरंगची मान खाली गेली होती.

मेहरीनचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, तेच तर जयाला सहन होईना. "ताई, हे मी सांगणारच होते, पण तुम्ही नेमकं मांडलंत. करूनच बघू." तिनं ठरवलेल्या मुलाला बोलावलं. त्यालाही तसाच टवक्याचा पेला दिला, पण त्याचं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतताना तिनं थोडं पाणी त्या फुटक्या पेल्यातच राहू दिलं, सगळ्यांना दिसेल असं. मग विचारलं. मुलगा म्हणाला, "सारखं." लोक हसले. मेहरीनही हसली. "बघा. ताई बरोबर आहेत. त्यांच्या पद्धतीनं आपण मुलाला त्याच्या समजेपेक्षा खाली मोजू शकतो, माझ्या पद्धतीनं वर. जिना खोटा नाही. मूल वाढतं त्याला दिशा आहेच. पण ते कुठल्या पायरीवर आहे हे एका प्रश्नावर ठरवून फळ्यावर त्याचं नाव लिहू नये, एवढंच."

टाळ्या पडल्या. जयाच्या मुद्द्याला पडल्या, पण मिळाल्या मेहरीनला. स्वतःचा पाठ फसला तर माणूस खजील होतं, ही बया हसत होती. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तेवढ्यात मनकर्णाबाई उठून टेबलापाशी आल्या आणि निकितासमोर वाकल्या. "काय गं चिमणे, मगाशी आईला तर म्हनलीस उंचात जास्त हाय. आन् आता म्हनती सारखं. मंग खरं काय?"

"सारखं," निकिता म्हणाली.

"मंग आईला तसं का सांगितलं?"

"आधी सारखंच म्हणले होते मी." निकितानं फ्रॉकची कड बोटाला गुंडाळली. "पण आई 'नक्की?' म्हणाली ना. आई 'नक्की?' म्हणाली की माझं चुकलेलं असतं. मग दुसरं सांगायचं."

सभागृहात सगळे एकदम हसले. दुष्टपणे नाही, मायेनंच. अठरा वर्षांत जया मॅडमनी ज्यांना ज्यांना 'नक्की?' विचारलं होतं, ते सगळे एकदम आठवून हसल्यासारखे हसले. मागं बजरंग बाकावर डोकं टेकवून हसत होता. लोंढे सरांनी रुमाल तोंडाला लावला.

"न्हाई, पोरगी खरं बोलली," मनकर्णाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आमी बी तेच करतो की. पोरानं बरुबर सांगितलं तरी 'नीट बघून सांग' म्हनतो. लई पोरांचं बरुबर आलेलं आमीच चुकवलं आसंल."

फक्त मेहरीन हसली नाही. तिनं निकिताच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "सगळ्याच शिक्षकांचं होतं असं. माझंही." जयाला तो हात दिसला. तो हात तिथून उचलून बाजूला ठेवावासा वाटला तिला.

चार वाजता सरांनी नाव सांगितलं. मेहरीन शेख. मेहरीन लगेच जयाच्या टेबलाशी आली. "ताई, आपण दोघींनी मिळून करू या का? तुमचा पाठ आधी, मग माझा, मग तुमचा आक्षेप. आजच्यासारखंच. त्याशिवाय ते पुरं होणार नाही."

"बघू," जया म्हणाली. "सध्या निकिताचा अभ्यास असतो." पोरगी पहिलीत होती, आणि तिचा अभ्यास म्हणजे रोज एक पान अक्षरं.

तिनं स्कूटी काढली आणि निकिताला पुढं उभं केलं. केडगावच्या रसवंतीपाशी तिनं गाडी थांबवली. तिला तहान लागली नव्हती. घरी जाऊन सुनीलला सांगायला तोंड नव्हतं, म्हणून थांबली. बाकड्यावर दोघी बसल्या. चरकाचे घुंगरू वाजत होते. रसवाल्यानं दोन पेले आणून ठेवले, मोठीसाठी मोठा आणि छोटीसाठी छोटा.

निकितानं पेले बघितले आणि आईकडे बघितलं. बहुतेक आई आता काही विचारेल असं तिला वाटलं असावं.

जयाला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. पोरीच्या वरच्या ओठावर रसाचा फेस लागला होता. केवढीशी होती ती. अठरा वर्षांचं नाव तिनं एका वाक्यात खाली आणलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. प्रशिक्षण गेलं ते गेलं, जया मनात म्हणाली. पाणीवाल्या मॅडम म्हणायचं तर म्हणोत, न म्हणोत. पण एवढं एक तरी आपलं असावं. हे एक तरी त्या बाईनं नेलेलं नसावं. असला प्रश्न लेकराला विचारू नये, हे ती विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगायची, आणि तरी तो तिच्या तोंडून गेलाच.

"निकू, तुला कोण जास्त आवडतं? मी, का मेहरीन मॅडम?"

निकितानं पेला खाली ठेवला. तिला विचार करावा लागला नाही.

"तू."

सकाळपासून, जूनपासून जयानं ज्याची वाट बघितली ते हेच होतं. तिला ते अजून एकदा ऐकायचं होतं. एकदाच, नीट, पुन्हा.

"नक्की?"

शब्द बाहेर पडला तेव्हा तिला तो ऐकू आला. जन्मात पहिल्यांदा ऐकू आला. पण निकिता आईच्या वर गेलेल्या भुवईकडे बघत होती. तिचं हसू हळूहळू मावळलं आणि ती शहाण्या मुलीसारखी विचार करू लागली.

"मेहरीन मॅडम," ती म्हणाली.

काय झालं ते जयाला ठाऊक होतं. सगळ्या जिल्ह्यात त्याचं कारण तिच्याइतकं नीट कुणाला सांगता आलं नसतं. आणि तिसऱ्यांदा विचारायची सोय नव्हती.

निकितानं तिच्या बाहीला हात लावला.

"आई, आता बरोबर?"